पंगतीतलं ताक किती पातळ?

वैशाख शुद्ध तृतीया एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात येते, आणि नागपुरात तेव्हा पारा चाळिशीच्या बराच वर असतो. नेमका त्याच दिवशी इथल्या घरांत वर्षातला एक जड स्वयंपाक होतो. अक्षय्य तृतीयेला पितरांसाठी मातीची घागर पुजतात, तिच्यात वाळा टाकलेलं पाणी भरतात आणि नैवेद्याला पुरणाची पोळी, आमरस, वडे, भजी, कुरड्या, पापड, भात, कढी आणि चिंचोणी असते. विदर्भातली पुरणाची पोळी जाडजूड, पुरणाने टच्च भरलेली. तिच्यावर तूप चमच्याने नव्हे, वाटीने पडतं. एका पोळीत डाळ, साखर आणि तूप मिळून एका साध्या जेवणाचा ऐवज असतो, आणि एका पोळीवर कोणी थांबत नाही.

अशा पंगतीत प्यायला काय ठेवायचं, हा प्रश्न बहुतेक घरांत सर्वांत शेवटी सुचतो. वडे तळून झाल्यावर कोणीतरी म्हणतं, मठ्ठा करून टाका, आणि सरबताची एक बाटली फोडा. खरं तर पेय ठरवताना आधी ताटाकडे बघावं लागतं. ताटात काय आहे, काय नाही, आणि जेवणारा माणूस पानावर बसताना किती तहानलेला आहे, या तीन गोष्टींवर पेय ठरतं.

तहानेपासून सुरुवात करू. सणाच्या दिवशी नैवेद्य दाखवेपर्यंत जेवण नाही, म्हणजे पंगत बसायला एक-दीड वाजतो. पाहुणे अकरापासून येत असतात, उन्हातून, घामाने निथळत. त्यांना त्या वेळी एक पेलाभर पाणी आणि चहा मिळाला, तर खरी तहान तशीच राहते आणि पानावर बसल्यावर बाहेर येते. मग माणूस पहिल्याच पोळीबरोबर तीन-चार पेले रिचवतो. सात-आठशे मिलिलिटर द्रव आणि त्यावर दोन पोळ्या, वडे, भात: जेवणानंतर जो गच्चपणा येतो, त्यात स्वयंपाकाइतकाच या पाण्याचाही वाटा असतो. जेवताना प्यायलेल्या पाण्याने पाचक रस पातळ होऊन अन्न पचत नाही, असं सांगितलं जातं. त्यात फारसं तथ्य नाही, कारण जठर गरजेप्रमाणे आम्ल स्रवत राहतं. अडचण आहे ती जागेची. रिकाम्या पोटी प्यायलेलं साधं पाणी पंधरा-वीस मिनिटांत अर्ध्याहून अधिक पुढे सरकतं. तुपाचं जेवण मात्र जठरात तासन्‌तास थांबतं, कारण स्निग्धांश लहान आतड्यात पोहोचू लागला की आतडं जठराला वेग कमी करायला लावतं.

म्हणून लिंबू सरबत किंवा कैरीचं पन्हं यांची जागा पंगतीत नाही, पंगतीच्या आधी आहे. पाहुणा आला की लगेच, किंवा निदान पान मांडायच्या अर्धा-पाऊण तास आधी. त्या वेळी त्यात साखर असायला हरकत नाही, मीठही हवं. एक लिटर पाण्याला दोन ते तीन रसदार कागदी लिंबं, म्हणजे चाळीस-पन्नास मिलिलिटर रस, साठ-सत्तर ग्रॅम साखर आणि पाव ते अर्धा चहाचा चमचा मीठ एवढं प्रमाण पुरतं. बाजारातल्या सरबतापेक्षा हे कमी गोड लागेल. लागू द्यावं, पुढे आमरस आहे.

लिंबाबाबत विदर्भातल्या माणसाला वेगळं सांगायला नको की एप्रिल-मेमध्ये ती महाग असतात आणि सुकटही. त्यामुळे शेवटच्या थेंबापर्यंत पिळण्याचा मोह होतो आणि तिथेच सरबत बिघडतं. साल जोरात दाबली की सालीतलं तेल रसात उतरतं, बी चिरडली की कडूपणा उतरतो. लिंबूवर्गीय फळांच्या रसात आणखी एक खोड असते: पिळताना गोड वाटणारा रस काही तासांत कडवट होतो. फळाच्या पेशींत बिनकडू स्वरूपात असलेला एक पदार्थ आम्लाशी संपर्क आला की सावकाश लिमोनिन नावाच्या कडू पदार्थात बदलतो. नागपुरी संत्र्याचा रस बाटलीत भरून विकणं इतकं अवघड का गेलं, त्याचं हे एक मोठं कारण. लिंबात हा दोष त्या मानाने कमी जाणवतो, तरी सकाळी सातला रस काढून दुपारी एकला सरबत करण्यात शहाणपण नाही. साखरपाणी सकाळी करून ठेवावं आणि रस पाहुणे आल्यावर पिळावा. संत्र्याचा विषय निघालाच आहे तर एवढं सांगून टाकतो: अक्षय्य तृतीयेच्या पंगतीत ताज्या नागपुरी संत्र्याचा रस हवा, असा हट्ट बाहेरगावचे पाहुणे धरतात. आंबिया बहाराची संत्री हिवाळ्याच्या तोंडाशी उतरतात आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. वैशाखात झाडावर खायजोगं संत्रं नसतं.

आता पान मांडलंय. ताटात गोड आहे पोळीचं आणि आमरसाचं, स्निग्ध आहे तुपाचं आणि तळणीचं. आंबटही आहे: कढी आहे आणि चिंचोणी आहे. चिंचेचा कोळ, गूळ, मीठ, जिरं आणि चिमूटभर तिखट घालून केलेली ही पातळ चिंचोणी नवख्या माणसाला चटणीसारखी वाटते, पण ती प्यायचीही असते. वाटीतून दोन घोट घेतले की तुपाने माखलेली जीभ मोकळी होते. याला कारणं दोन. आंबटाने तोंडात लाळ सुटते आणि स्निग्ध थर वाहून जातो. शिवाय चिंचेतला तुरटपणा लाळेतल्या बुळबुळीत प्रथिनांना धरतो, त्यामुळे तोंड कोरडं, स्वच्छ झाल्यासारखं वाटतं. इतकी चांगली सोय ताटातच असताना पेल्यात पुन्हा आंबट-गोड सरबत कशाला? गोडाच्या पानावर गोड पेय नको, हा मी या प्रकरणातला पहिला नियम मानतो, आणि त्यामागे पथ्यापेक्षा चव जास्त आहे. पुरणाचा घास खाल्ल्यावर जिभेला गोडाची सवय होते, तेव्हा सरबतातली साखर जवळजवळ लागतच नाही, उरतो तो नुसता आंबटपणा. मग पाहुणा म्हणतो, सरबत आंबट झालं, आणि यजमान त्यात आणखी साखर ओततो. पंगतीत द्यायच्या कुठल्याही पेयाची चव बघायची असेल, तर आधी पोळीचा एक तुकडा खावा आणि मग बघावी.

उरतो मठ्ठा. इथे खरा निर्णय असतो पाण्याचा. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या वैद्यकग्रंथात घुसळलेल्या दह्याचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि ते वेगळे केले आहेत मुख्यतः दोन गोष्टींवरून: साय ठेवली की काढली, आणि पाणी किती घातलं. सायीसकट, बिनपाण्याचं ते घोल. साय काढलेलं, बिनपाण्याचं ते मथित. चतुर्थांश पाण्याचं तक्र. निम्म्या पाण्याचं उदश्वित्. आणि साय काढून भरपूर पाणी घातलेली छच्छिका. आपण आज या सगळ्याला ताक म्हणतो आणि चर्चा मात्र जिऱ्या-हिंगाची करत बसतो.

पुरणाच्या पंगतीला शेवटच्या दोन प्रकारांतलं ताक लागतं. तूप ताटात मुबलक असल्यामुळे पेल्यात आणखी साय नको. शक्य असेल तर घुसळून लोणी काढलेलं ताक घ्यावं. नुसतं दही रवीने मोडून केलेलं असेल, तर एका वाटीला दोन ते अडीच वाट्या पाणी. घट्ट मठ्ठा दिसायला श्रीमंत दिसतो आणि फोटोत छान येतो, पण दोन पोळ्यांनंतर तो पेलाभरही संपत नाही, हे उष्ट्या पेल्यांकडे पाहिलं की कळतं.

दुसरा निर्णय गारव्याचा. बर्फ घालून थंडगार केलेला मठ्ठा उन्हाळ्यात हवाच, असं वाटतं. पण तुपाच्या पोळीबरोबर तो एक त्रास देतो. नागपुरात मे महिन्यात बरणीतलं तूप पातळच असतं. तोंडातही ते पातळ राहतं. त्यावर बर्फाळ घोट गेला की ते टाळूला आणि दातांमागे थिजतं आणि मेणचट थर धरतं. म्हशीच्या दुधाचं तूप असेल तर हे जास्तच जाणवतं. पुष्कळ जण याला तूप चांगलं नव्हतं असं म्हणतात. तूप चांगलंच असतं, ताक फार गार असतं. माठातल्या पाण्याइतका गारवा इथे बरोबर बसतो. विदर्भाचा वैशाख कोरडा असतो, त्यामुळे माठाच्या अंगावरचं पाणी झपाट्याने उडतं आणि बाहेर त्रेचाळीस अंश असताना आतलं पाणी पंचविशीच्या आसपास येऊ शकतं. कूलर ज्या तत्त्वावर चालतो त्याच तत्त्वावर माठ चालतो, म्हणून माठ सावलीत पण वारा लागेल असा ठेवावा, बंद कोठीत नव्हे.

समजा, महालातल्या एका घरी पंचवीस पानं आहेत. माणशी दीडशे मिलिलिटरचे दोन पेले धरले तर साडेसात लिटर मठ्ठा लागतो. अडीच किलो दही, पाच लिटर माठातलं पाणी. दही आदल्या रात्री उशिरा विरजावं. दह्याचे जिवाणू चाळीस ते पंचेचाळीस अंशांना सर्वांत जोमाने वाढतात, आणि त्याच्या जवळ जाणारी ऊब या दिवसांत स्वयंपाकघरात आयतीच असते. संध्याकाळी लावलेलं दही सकाळपर्यंत चावऱ्या आंबटपणाला पोहोचतं. दही लागलं की लगेच फ्रिजमध्ये ढकलावं. घुसळण जेवणाच्या तासभर आधी करावी, फार आधी नाही, कारण पाणी घातलेलं ताकही उघड्यावर आंबत राहतं.

साडेसात लिटरला चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम मीठ, म्हणजे सात सपाट चहाचे चमचे. हे प्रमाण मोजून टाकावं, अंदाजाने नाही. माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वरच्या प्रमाणाने दोन पेल्यांतून पावणेदोन ग्रॅमच्या आसपास मीठ पोटात जातं, आणि ताटात पापड, कुरडई, लोणचं आहेच. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या आजोबांसाठी बिनमिठाचं ताक वेगळ्या तांब्यात काढून ठेवणं सोपं असतं. मीठ घालून झाल्यावर काही करता येत नाही. बाकी मसाला हलका: पन्नास-साठ ग्रॅम आलं किसून त्याचा रस, तीन पोह्याचे चमचे भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर हिंग, मूठभर बारीक चिरलेला सांबार. बाहेरच्या वाचकांसाठी, नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर. आल्याचा चोथा मठ्ठ्यात ठेवू नये. तो तळाशी बसतो, शेवटच्या पंगतीला नुसते धागे मिळतात आणि वेळ जाईल तसा कडवटपणा येतो. हिरवी मिरची या मठ्ठ्यात मला अनावश्यक वाटते, पण घरोघरी मतं वेगळी. मोठ्या गंजात भरलेलं ताक दहा मिनिटांत खाली घट्ट आणि वर निवळ होतं. ते फाटलेलं नसतं, दह्याचे कण खाली बसलेले असतात. वाढणाऱ्याने दर वेळी पळी तळापासून फिरवायची, एवढंच. फाटलेलं ताक ओळखू येतं ते कणीवरून: ढवळल्यावरही कण एक होत नाहीत आणि जिभेला रवाळ लागतात. गंज स्टीलचा असावा. पितळी भांडं काढायचंच असेल तर कल्हई ताजी हवी, कारण आंबट ताकात तांबं उतरतं.

हाच मठ्ठा चार महिन्यांनी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, साफ फसतो. तान्हा पोळा, मारबतीची मिरवणूक, आणि पुष्कळ घरांत मटणाचा बेत. नागपुरात मटण म्हटलं की सावजी पद्धतीचं. हलबा कोष्टी विणकरांच्या घरातून आलेला काळ्या मसाल्याचा, वर तर्रीचा जाड थर असलेला रस्सा. इथे त्रास गोडाचा नसून तिखटाचा असतो. मिरचीतलं कॅप्सायसिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळपास नाही, आणि तर्री म्हणजे तेच तेल. पाणी प्यायलं की ते जिभेवरून पसरतं, आग क्षणभर थांबते आणि पुन्हा येते. दुधातलं केसिन हे प्रथिन मात्र कॅप्सायसिनला धरून जिभेवरून उचलतं. साय काढलेलं दूधही यात जवळपास तितकंच उपयोगी पडतं असं प्रयोगांत दिसलं आहे, म्हणजे काम स्निग्धांशापेक्षा प्रथिनाचं जास्त. वैशाखातला तिप्पट पातळ मठ्ठा इथे उपयोगाचा नाही, कारण त्यात केसिन एक टक्क्याच्या आसपासच उरतं. सावजीबरोबर समसमान पाण्याचं घट्ट ताक लागतं, त्यात मिरची अजिबात नको आणि आलंही नको, कारण आलंही जिभेला तिखटच वाटतं. ते फ्रिजमधलं गार असलेलं बरं: गारवाही आग शमवतो, आणि भाद्रपदाच्या तोंडावरच्या दमट हवेत माठ तसाही पाणी गार करत नाही. काही घरांत मटणाच्या पानावर दूध-दही चालत नाही. तिथे गोड लिंबू सरबत द्यावं. साखर तिखटाची जाणीव कमी करते. पुरणाच्या पानावर जे नको म्हटलं, तेच इथे हवं.

जेवणानंतरचं पेय हा तिसरा भाग, आणि यात सर्वांत जास्त भोंगळपणा चालतो. ओव्याचं पाणी घ्या. बहुतेक घरांत पातेल्यात पाणी, चमचाभर ओवा, आणि झाकण न ठेवता दहा मिनिटं खळखळ उकळी. घरभर ओव्याचा वास सुटतो आणि सगळ्यांना वाटतं, छान उतरला. ओव्याचा गुण ज्या थायमॉलमध्ये आहे ते वाफेबरोबर उडून जाणारं द्रव्य आहे. घरात वास भरला, म्हणजे तेवढं पातेल्यातून गेलं. ओवा हातावर चुरडून उकळत्या पाण्यात टाकावा, लगेच आच बंद करून घट्ट झाकण ठेवावं आणि दहा मिनिटांनी झाकणावरचे थेंब परत पातेल्यातच झटकून गाळावं. लिटरभर पाण्याला एक सपाट चहाचा चमचा ओवा पुरे. जास्त झाला की घसा चरचरतो. जिऱ्याचं थोडं निराळं आहे. कच्च्या जिऱ्याचा वासही उडून जातो, पण भाजल्यावर जो खमंगपणा येतो तो भाजण्यातच तयार झालेला असतो, म्हणून भाजून कुटलेलं जिरं पाच मिनिटं मंद आचेवर ठेवलं तरी चालतं. सुंठीचा पाव चमचा दोन्हींत खपतो. काही छोट्या अभ्यासांत आल्याच्या पुडीने जठर रिकामं व्हायचा वेग वाढलेला दिसला आहे, त्यामुळे या तिघांत माझं मत सुंठीकडे झुकतं. ओवा-जिऱ्याबद्दल एवढं ठामपणे बोलायला तितका आधार नाही; गरम घोटाने बरं वाटतं, हे खरं.

किती आणि कधी, हे इथे काय याच्याइतकंच महत्त्वाचं आहे. साठ-सत्तर मिलिलिटर, म्हणजे चहाच्या छोट्या कपाएवढं, कोमट, जेवणानंतर अर्ध्या तासाने. मोठा पेला भरून दिला की पुन्हा तोच जागेचा प्रश्न. पुदिन्याचं पाणी हल्ली सगळीकडे दिसतं, पण ज्यांना जेवणानंतर छातीत जळजळ होते त्यांना ते देऊ नये. पुदिन्यातलं मेंथॉल अन्ननलिकेच्या तळाशी असलेला झडपेसारखा स्नायू सैल करतं, आणि आडवं झालं की आम्ल वर येतं. तोंडाला गार लागलं म्हणजे पोट शांत झालं, असं नसतं. बाटलीतल्या जिरा सोड्याची गंमत अशीच: ढेकर येतो तो सोड्यातल्या वायूचा. आधीच ताणलेल्या जठरात आणखी हवा भरायची आणि तीच बाहेर आली की हलकं वाटायचं.

मधुमेह असलेल्या पाहुण्याला पन्ह्याऐवजी बिनसाखरेचं मीठ-लिंबू पाणी द्यावं, आणि ते न विचारता सगळ्यांसमोर वेगळ्या रंगाच्या पेल्यात आणून देऊ नये. पंगतीत बाहेरून मागवलेला बर्फ असेल तर तो भांड्याभोवती ठेवावा, ताकात किंवा सरबतात नाही. लादीचा बर्फ बहुधा मासे-भाज्या गार ठेवण्यासाठीच बनतो.

दुपारी चारला गंजात लिटर-दीड लिटर मठ्ठा हमखास उरतो. तो रात्रीच्या जेवणाला पुन्हा पेल्यात देऊ नये, कारण तोवर तो झोंबण्याइतका आंबट झालेला असतो. रात्रीपर्यंत फ्रिजमध्ये ठेवून लिटरला दोन मोठे चमचे बेसन थंड असतानाच नीट कालवावं आणि मंद आचेवर सतत ढवळत कढी करावी. बेसनाने ताक फाटत नाही. मीठ आधीचंच पुरतं. दुपारचे वडे उरले असतील तर कुस्करून गरम भातावर घालायचे, वरून मोहरी-हिंगाची फोडणी आणि ही कढी.